यूपीआय ऑटोपे: पिन टाकण्यापूर्वी काय वाचावे आणि दिलेली परवानगी मागे कशी घ्यावी

दर महिन्याला पैसे भरावे लागणाऱ्या सेवेसाठी, म्हणजे वृत्तपत्राच्या डिजिटल आवृत्तीसाठी, चित्रपट-मालिकांच्या ॲपसाठी किंवा मुलांच्या अभ्यासाच्या ॲपसाठी, यूपीआयवर ऑटोपे लावणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ते बंद करताना मात्र अनेकांची दमछाक होते आणि त्याचे कारण बहुधा एकच असते. ऑटोपे लावताना आपण एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टींना होकार देतो, पण त्या दोन आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. पहिली गोष्ट म्हणजे कंपनीशी झालेला वर्गणीचा व्यवहार: अमुक पैसे घ्या आणि तमुक सेवा द्या. दुसरी म्हणजे आपल्या बँकेला दिलेली आगाऊ परवानगी: ही कंपनी ठरलेल्या मर्यादेत पैसे मागेल तेव्हा मला पुन्हा न विचारता ते द्या. या दुसऱ्या गोष्टीला मँडेट म्हणतात. वर्गणी कंपनीच्या नोंदीत असते, तर मँडेट बँकेच्या नोंदीत असते, आणि एक रद्द केली म्हणजे दुसरी आपोआप रद्द होईलच असे नाही. पुढचे सगळे विवेचन या एका भेदाभोवती आहे.

भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, ही सोय जुलै २०२० मध्ये सुरू केली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मँडेट तयार करताना ग्राहकाने पिन टाकून संमती द्यावी लागते. त्यानंतर सर्वसाधारण वर्गणीसाठी एका वेळी ₹१५,००० पर्यंतची रक्कम पिनशिवाय कापली जाऊ शकते. ही मर्यादा सुरुवातीला ₹२,००० होती, नंतर ₹५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये ₹१५,००० करण्यात आली. म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांच्यासाठी ती ₹१ लाखापर्यंत आहे, पण या लेखाचा विषय तो नाही. ग्राहकाकडून मँडेटसाठी वेगळे शुल्क घेता येत नाही.

मँडेट लावताना

सेवेच्या ॲपमध्ये आपण योजना निवडतो, पैसे भरण्याच्या पर्यायांतून यूपीआय निवडतो, आणि मग आपले नेहमीचे यूपीआय ॲप उघडते किंवा त्यात एक विनंती येऊन थांबते. या क्षणापर्यंत जे काही वाचले ते कंपनीने लिहिलेले होते. त्यात मोठ्या अक्षरात ‘फक्त ₹१’ असू शकते, खाली बारीक अक्षरात पुढची रक्कम असू शकते. यूपीआय ॲपमध्ये उघडलेला पडदा मात्र मँडेटचा आहे आणि बँक पुढे जे मानणार आहे ते या पडद्यावर लिहिलेले आहे. म्हणून जाहिरात वाचण्यात घालवलेला वेळ इथे द्यावा.

त्या पडद्यावर सर्वांत आधी रकमेकडे पाहावे आणि ती रक्कम नेमकी आहे की कमाल, हे तपासावे. नेमकी रक्कम असेल तर दर वेळी तेवढेच पैसे कापले जातील. रकमेच्या आधी `Up to` किंवा `Max` असे लिहिलेले असेल, तर ती वरची मर्यादा आहे आणि त्या मर्यादेच्या आतली कोणतीही रक्कम कंपनी मागू शकते. महिना ₹१९९ ची योजना घेताना मर्यादा ₹१,००० किंवा त्याहून जास्त लिहिलेली दिसणे नवलाचे नाही. कंपनीच्या बाजूने त्याला कारण आहे: उद्या दर वाढले किंवा आपण मोठी योजना घेतली, तर नवे मँडेट मागावे लागू नये. आपल्या बाजूने त्याचा अर्थ असा की ₹१९९ चे ₹२९९ झाले तर आपला पिन पुन्हा मागितला जाणार नाही, फक्त आगाऊ सूचना येईल. माझे मत विचाराल तर ज्या सेवेची गरज एक-दोन महिन्यांपुरतीच आहे आणि जिची मर्यादा योजनेच्या कित्येक पट आहे, तिच्यासाठी ऑटोपे न लावता एका महिन्याचे पैसे एकदाच भरण्याचा पर्याय आहे का ते आधी शोधावे. अनेक ठिकाणी तो असतो, पण खाली कुठेतरी असतो.

त्यानंतर वारंवारता पाहावी. तिथे `Monthly` असेल तर महिन्यातून एकदा, `Yearly` असेल तर वर्षातून एकदा पैसे जातील. `As presented` हे शब्द दिसले तर थोडे थांबावे, कारण त्याचा अर्थ कंपनी जेव्हा मागणी पाठवेल तेव्हा, असा होतो. वापरानुसार बिल येणाऱ्या सेवेला ही पद्धत शोभते. ठरावीक मासिक वर्गणीसाठी तिची गरज नसते.

शेवटची तारीख ही तिसरी महत्त्वाची नोंद. मँडेटला मुदत असते, पण ती पुष्कळदा इतकी लांब दिलेली असते की ती संपण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. याशिवाय कोणत्या खात्यातून पैसे जाणार आहेत तेही पाहून घ्यावे. एकाच ॲपला दोन बँकांची खाती जोडलेली असतील, तर वर्गण्यांसाठी कमी शिलकीचे खाते निवडणे सोयीचे पडते.

हे सारे पटले तरच पिन टाकावा. पिन टाकल्यावर पहिला हप्ता लगेच जाऊ शकतो, किंवा चाचणी काळ असेल तर रुपया-दोन रुपये जातात. मँडेट तयार झाले की त्याला एक क्रमांक मिळतो, तो मँडेटच्या तपशिलात `UMN` या नावाने दिसतो. अक्षरे आणि अंक मिळून बनलेला तो बराच लांब असतो आणि त्याच्या शेवटी यूपीआय आयडीसारखे @ चिन्ह व पुढे काही अक्षरे असतात. त्या पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. पुढे तक्रार करायची वेळ आली तर बँक, ॲप आणि कंपनी या तिघांनाही समजणारी खूण तीच आहे.

पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी

पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फास्टॅगमध्ये आपोआप पैसे भरण्यासारख्या मोजक्या गोष्टींना २०२४ पासून यातून सूट आहे, वर्गण्यांना नाही. सूचनेत कंपनीचे नाव, रक्कम, तारीख आणि कारण असावे लागते. ती संदेशाने येते किंवा यूपीआय ॲपच्या सूचनांमध्ये येते, आणि दुसऱ्या प्रकारात अडचण अशी की जाहिरातींना कंटाळून आपण त्या ॲपच्या सूचनाच बंद करून ठेवलेल्या असतात. ऑटोपे लावणार असाल तर निदान त्या एका ॲपच्या सूचना चालू ठेवाव्यात. सूचना वाचताना रकमेवर नजर ठेवावी. दरवाढ झालेली असेल तर ती कळण्याची हीच जागा असते.

पैसे कोणत्या वेळी जातात याचाही एक नियम आहे. यूपीआयवरचा ताण कमी करण्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेचे व्यवहार गर्दीच्या वेळा सोडून केले जातात: सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ या वेळात आणि रात्री साडेनऊनंतर. एकदा प्रयत्न फसला तर आणखी तीन वेळा प्रयत्न करता येतो. याचा व्यवहारातला अर्थ नवख्या माणसाने नीट ध्यानात घ्यावा. खात्यात पैसे नसल्यामुळे सकाळचा हप्ता गेला नाही, म्हणजे वर्गणी सुटली असे नव्हे. नंतर खात्यात पैसे जमा झाले तर पुढच्या प्रयत्नात तोच हप्ता जाऊ शकतो. खाते रिकामे ठेवणे हा मँडेट बंद करण्याचा मार्ग नाही.

मावशीचे उदाहरण

माझ्या मावशीने गेल्या जूनमध्ये गोष्टी ऐकण्याचे एक ॲप घेतले. सात दिवसांसाठी ₹१, असे तिने वाचले होते. २ जूनला तिने पिन टाकला आणि ₹१ गेला. नंतर आम्ही मँडेट उघडून पाहिले तेव्हा त्यावर कमाल रक्कम ₹९९९, वारंवारता मासिक आणि मुदत तीस वर्षांची होती. तिने हे तिन्ही तपशील वाचलेच नव्हते, कारण तिच्या मनात ती एका रुपयाचे पैसे देत होती.

९ जूनला ₹३९९ कापले गेले. आदल्या दिवशीची सूचना यूपीआय ॲपमध्ये आलेली होती, पण सूचना बंद असल्याने ती तशीच पडून राहिली. ९ जुलैला सकाळी खात्यात दोनशेच्या आसपास शिल्लक होती, त्यामुळे व्यवहार नाकारला गेला. संध्याकाळी भाडेकरूचे पैसे आले आणि रात्री उशिरा ₹३९९ गेले. हा संदेश मात्र तिने पाहिला आणि ते गोष्टींचे ॲप फोनमधून काढून टाकले. तिला वाटले, विषय संपला. ९ ऑगस्टला पुन्हा पैसे गेले, आणि या वेळी ₹४९९, कारण मधल्या काळात योजनेचा दर वाढला होता आणि तो ₹९९९ च्या आत होता. मिळून ₹१,२९८ गेले तेव्हा तिने मला फोन केला.

या तीन महिन्यांत बँकेने नियमाबाहेर काहीच केले नव्हते. ॲप फोनमधून काढल्याने ना कंपनीकडची वर्गणी रद्द होते, ना बँकेकडचे मँडेट. फोनमधला एक चौकोन जातो, एवढेच. यूपीआय ॲप काढून टाकले तरी हेच खरे. मँडेट बँकेकडे असते, फोनमध्ये नसते.

मँडेट शोधणे

आम्ही तिच्या यूपीआय ॲपमधून सुरुवात केली. बहुतेक ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या छायाचित्रावर किंवा नावावर बोट ठेवले की जी यादी उघडते तिच्यात `Autopay` किंवा `Mandates` असा पर्याय असतो. काही ॲपमध्ये तो पेमेंटच्या सेटिंगमध्ये असतो. तो उघडल्यावर चालू, थांबवलेली आणि संपलेली मँडेट वेगवेगळी दिसतात. मावशीच्या यादीत दोन चालू मँडेट निघाली: एक गोष्टींचे, आणि दुसरे दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या एका वार्षिक सेवेचे, ज्याचा तिला पूर्ण विसर पडला होता. वार्षिक मँडेट असेच विसरले जाते, म्हणून ही यादी दर तीन-चार महिन्यांनी एकदा उघडून पाहण्याची सवय मला आवश्यक वाटते.

यादीतले नाव ओळखीचे नसेल तर घाबरून जाऊ नये. मँडेटवर कंपनीचे नोंदणीकृत नाव असू शकते आणि ते ॲपच्या नावापेक्षा वेगळे असू शकते. प्ले स्टोअरमधून घेतलेल्या वर्गणीच्या मँडेटवर तर गूगलचे नाव दिसते. अशा वेळी रक्कम आणि तारीख जुळवून पाहावी.

पूर्वी वापरलेल्या दुसऱ्या यूपीआय ॲपमधून लावलेले मँडेट आताच्या ॲपमध्ये दिसत नाही, ही अनेकांची जुनी अडचण होती. एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये बँका व ॲपना सूचना दिली की ग्राहकाला त्याची सगळी मँडेट कोणत्याही यूपीआय ॲपमध्ये पाहता आली पाहिजेत. एनपीसीआयच्या `upihelp.npci.org.in` या संकेतस्थळावरही आपली चालू मँडेट पाहण्याची सोय आहे. तरीही एखादे सापडत नसेल, तर ज्या ॲपमधून ते लावले होते ते पुन्हा त्याच मोबाइल क्रमांकाने सुरू करून तिथे पाहावे, किंवा बँकेच्या विवरणपत्रातल्या नोंदीसह शाखेत विचारावे.

रद्द करण्याचा क्रम

पहिले पाऊल कंपनीकडे, दुसरे बँकेकडे, असा क्रम मी सुचवतो. आधी सेवेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर जाऊन वर्गणी रद्द करावी. वर्गणी प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर प्ले स्टोअर उघडून आपल्या छायाचित्रावर बोट ठेवावे, `Payments & subscriptions` आणि मग `Subscriptions` निवडून तिथून ती रद्द करावी. वर्गणी रद्द केल्याची पोच ईमेलने किंवा संदेशाने येते, ती जपून ठेवावी. हे आधी करण्याचे कारण असे की मँडेट अचानक नाहीसे झाले तर कंपनीच्या दृष्टीने आपण फक्त पैसे न भरलेले ग्राहक ठरतो. वर्गणी रद्द करा असे आपण तिला सांगितलेलेच नसते.

मावशीच्या बाबतीत ॲप पुन्हा फोनमध्ये घ्यावे लागले. रद्द करण्याचा पर्याय तीन पडद्यांच्या आत होता आणि प्रत्येक पडद्यावर ‘नक्की जायचे आहे का’ असा प्रश्न होता. वर्गणीतून बाहेर पडणे असे मुद्दाम अवघड करून ठेवणे याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनेचा प्रकार म्हणून नाव दिलेले आहे, आणि त्याबद्दल ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार करता येते. कंपनीकडचा पर्याय सापडतच नसेल, तर कंपनीला ईमेलने ‘माझी वर्गणी आजपासून रद्द करावी’ असे लिहून पाठवावे आणि दुसऱ्या पावलाकडे वळावे. मँडेट रद्द करण्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही.

दुसऱ्या पावलात यूपीआय ॲपमधल्या त्या मँडेटवर जावे. तिथे `Pause` आणि `Cancel` किंवा `Revoke` असे पर्याय असतात. `Pause` केल्याने ते ठरावीक काळ थांबते आणि नंतर पुन्हा सुरू होते. परगावी जाताना किंवा महिनाभर सेवा नको असताना ते कामाचे आहे, कायमचे सुटण्यासाठी नाही. कायमचे बंद करायचे तर `Cancel` किंवा `Revoke`. हा पर्याय निवडल्यावर पिन मागितला जातो आणि इथे नवखी माणसे हमखास थबकतात, कारण पिन टाकला की पैसे जातात, हे त्यांनी ऐकलेले असते. इथे पैसे जात नाहीत. परवानगी देताना जशी ओळख पटवावी लागते, तशी ती मागे घेतानाही पटवावी लागते. मात्र हा पिन आपण स्वतः उघडलेल्या यूपीआय ॲपमध्येच टाकायचा. ‘तुमचे ऑटोपे उद्या कापले जाणार आहे, रद्द करण्यासाठी इथे क्लिक करा’ असे दुवे पाठवून फसवणारेही असतात. आपले मँडेट खरोखर असेल तर ते यादीत दिसेलच, त्यासाठी कोणत्याही दुव्याची किंवा फोनवरच्या माणसाची गरज नाही.

हे काम पैसे जाण्याच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी उरकावे. शेवटच्या दिवशी सर्व्हर चालला नाही किंवा कंपनीचा पडदा उघडला नाही, तर आपल्या हाती वेळ राहत नाही. रद्द झाल्यावर मँडेट चालू यादीतून निघून रद्द झालेल्यांत दिसते. त्याच्या तपशिलाचे `UMN` सह पुन्हा एक छायाचित्र घ्यावे. मावशीचे मँडेट आम्ही १६ ऑगस्टला रद्द केले आणि ९ व १० सप्टेंबरला विवरणपत्र पाहिले.

तरीही पैसे गेले तर

इथे पुन्हा सुरुवातीचा भेद उपयोगी पडतो. मँडेट चालू असताना, त्याच्या मर्यादेत गेलेले पैसे बँकेच्या दृष्टीने योग्य रीतीने गेलेले असतात. ते परत हवे असतील तर कंपनीकडे मागावे लागतात आणि कंपनीच्या परताव्याच्या अटी लागू होतात. मावशीने कंपनीला लिहिले की जुलैपासून ॲप उघडलेलेही नाही. कंपनीने शेवटचे ₹४९९ परत केले, आधीचे दोन हप्ते केले नाहीत.

मँडेट रद्द केल्यानंतर किंवा मर्यादेपेक्षा जास्त पैसे गेले असतील, तर मात्र प्रश्न बँकेचा आहे. यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवावी, बँकेलाही लेखी कळवावे आणि दोन्हीकडे `UMN`, रद्द केल्याची तारीख व पडद्याचे छायाचित्र जोडावे. ही तक्रार लांबणीवर टाकू नये, कारण ग्राहकाने किती दिवसांत कळवले यावर अनधिकृत व्यवहारातली त्याची जबाबदारी ठरते. ३० दिवसांत बँकेकडून उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर विनाशुल्क तक्रार करता येते. आणि जे मँडेट आपण कधी लावलेच नव्हते ते यादीत सापडले, तर ते आधी रद्द करावे, बँकेला त्याच दिवशी कळवावे, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करावा.